स्लाइड पाच आणि सहा : न्यूरोइमेजिंग लॅबच्या एका अर्जाचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. पत्रातली वाक्ये आशय तोच ठेवून दिली आहेत.

पार्श्वभूमी

जीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मेंदूचे एमआरआय स्कॅन करणाऱ्या एका न्यूरोइमेजिंग लॅबमधली रिसर्च असिस्टंटची जाहिरात पाहिली आणि कव्हर लेटर लिहून मला वाचायला पाठवले. मी तिच्याच विभागातून बाहेर पडलेली. अशाच एका लॅबमध्ये मी काही वर्षे स्कॅनिंगचे काम केले आहे आणि दोनदा अर्ज चाळायलाही बसले आहे. "ताई, फक्त भाषा बघून द्या, बाकी ठीक आहे," असा तिचा निरोप होता. भाषा खरोखरच ठीक होती.

जाहिरातीत कामाचे स्वरूप स्पष्ट दिले होते. अभ्यासात भाग घेणाऱ्यांशी संपर्क साधून त्यांच्या वेळा लावायच्या, एमआरआयआधीचा सुरक्षितता फॉर्म भरून घ्यायचा, स्कॅनच्या वेळी कंट्रोल रूममध्ये थांबून सहभागीने स्कॅनरमध्ये करायचे कार्य सुरू करायचे, आलेला डेटा ठरलेल्या मांडणीत लावायचा आणि त्याची गुणवत्ता तपासायची. अपेक्षांमध्ये 'काटेकोर नोंदी ठेवण्याची सवय' हे पहिल्या ओळीत होते. 'पायथन किंवा तत्सम भाषेची ओळख' शेवटच्या ओळीत, आणि तेही 'असल्यास उत्तम' या सदराखाली.

हा क्रम महत्त्वाचा होता. लॅबला मेंदूविषयी मोठे विचार मांडणारी व्यक्ती नको होती. स्कॅनरची तासभराची वेळ वाया जाऊ न देणारी आणि एका माणसाची फाइल दुसऱ्याच्या नावाखाली न ठेवणारी व्यक्ती हवी होती.

अडचण

पहिला मसुदा जवळजवळ दोन पाने होता. सुरुवात लहानपणापासूनच्या कुतूहलाने. मग लॅबप्रमुखांच्या एका शोधनिबंधाविषयी मोठा परिच्छेद, जो वाचताना त्या निबंधाचा सारांशच शब्द बदलून लिहिल्यासारखा वाटत होता. तिसऱ्या परिच्छेदात हे वाक्य: "मला फंक्शनल एमआरआय डेटाच्या विश्लेषणाचा अनुभव आहे." शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला एक ओळ मिळाली होती: "उंदराच्या मेंदूच्या कापांमधील पेशींची मोजणी केली."

मी तिला फोन करून विचारले, विश्लेषणाचा अनुभव म्हणजे नेमके काय केलेस? थोडी चाचरत तिने सांगितले की एका खुल्या भांडारातून तिने फ्लँकर कार्याचा डेटा उतरवून घेतला होता. या कार्यात पडद्यावर बाणांची रांग दिसते आणि मधल्या बाणाची दिशा ओळखायची असते. आजूबाजूचे बाण कधी त्याच दिशेचे असतात, कधी उलट. शिकवणीच्या पायऱ्या पाळत तिने दोन व्यक्तींचा डेटा `fMRIPrep` या स्कॅनची पूर्वप्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला होता. लॅपटॉप रात्रभर चालू होता आणि दोनदा जागा संपल्यामुळे काम मध्येच थांबले होते. पुढचे सांख्यिकी विश्लेषण तिने केलेच नव्हते.

ते वाक्य अगदी खोटे होते असे मी म्हणणार नाही, पण त्याला जेमतेम आधार होता. अर्ज चाळणारा माणूस असे वाक्य वाचतो आणि मुलाखतीत पहिलाच प्रश्न टाकतो, "डोक्याच्या हालचालीचे काय केलेत?" शिकवणीच्या पायऱ्या नुसत्या पाळलेला उमेदवार तिथेच अडकतो, आणि त्यानंतर पत्रातल्या बाकीच्या वाक्यांवरही कुणाचा भरवसा राहत नाही.

मग मी प्रकल्पाबद्दल विचारले. "त्यात सांगण्यासारखे काही नाही, ताई. बारा स्लाइड होत्या, हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मोजल्या. उलट मध्ये एक घोळच झाला, म्हणून जास्त लिहिले नाही."

घोळ काय झाला ते तिने सांगितले, आणि पत्राचा कणा मला तिथे सापडला.

मोजणी ब्लाइंड होती. कोणती स्लाइड कोणत्या गटातली हे तिला माहीत नव्हते, त्याची यादी एका सहकाऱ्याकडे होती. आठ स्लाइड मोजून झाल्यावर तिच्या लक्षात आले की सहा क्रमांकाच्या स्लाइडच्या प्रतिमांमध्ये सहा काप दिसत आहेत. तिच्या वहीत मात्र नोंद होती की त्या स्लाइडवर काप चढवताना एक फाटला आणि पाचच उरले. पाच क्रमांकाच्या स्लाइडच्या प्रतिमा उघडल्या तर तिथे पाच काप. सूक्ष्मदर्शकावरून प्रतिमा साठवताना दोन्ही फोल्डरची नावे अदलाबदल झाली होती. तिने मोजणी थांबवली, मार्गदर्शकांना सांगितले, दोन्ही स्लाइडच्या प्रतिमा पुन्हा घेतल्या आणि पुन्हा मोजले. वहीतले जुने आकडे एका रेघेने काटून ठेवले, तारीख आणि कारण लिहून. नुसती फोल्डरची नावे बदलून काम भागले असते, पण मग अदलाबदल तेवढीच झाली होती की आणखी काही, हे कळायला मार्ग उरला नसता.

न्यूरोइमेजिंगमध्येही नेमका हाच धोका असतो. स्कॅनरमधून आलेल्या फाइल ठरलेल्या मांडणीत लावताना सहभागी क्रमांक 14 चा डेटा 15 च्या फोल्डरमध्ये गेला, तर पुढचे कोणतेही सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. सगळे सुरळीत चालते, नकाशे येतात आणि उत्तर चुकीचे असते. अशी चूक बहुधा कुणीतरी वहीतली नोंद आणि पडद्यावरचे चित्र यांचा मेळ घालून पाहिला तरच सापडते.

समोरचे पर्याय

पत्राला तीन दिवस होते. आम्ही तीन गोष्टींवर अडलो.

पहिली अडचण स्लाइडचा घोळ लिहावा की नाही याची. तिला वाटत होते की अर्जात स्वतःची चूक सांगणे म्हणजे पायावर धोंडा मारून घेणे. फोल्डरची नावे तिनेच दिली होती, त्यामुळे चूक तिचीच होती. एक मार्ग होता की चुकीचा उल्लेख टाळून 'नोंदींची उलटतपासणी केली' एवढेच लिहायचे. पण असे वाक्य कुणीही लिहू शकतो. घटना सांगितली तरच तपासणी खरी वाटते. माझे मत लिहिण्याच्या बाजूने होते. अट एवढीच की चूक, ती कशी सापडली आणि मग काय केले हे तीन-चार वाक्यांत यावे आणि कुठेही माफीचा सूर नको.

दुसरी अडचण 'विश्लेषणाचा अनुभव' या वाक्याची. ते पूर्ण काढावे, की जेवढे केले तेवढेच लिहावे? काढले असते तर इमेजिंगशी तिचा काहीच संबंध दिसला नसता. जेवढे केले तेवढे लिहायचे तर ते फार थोडे होते. तिसरा मार्ग तिनेच सुचवला: हाताशी असलेल्या डेटात अजून एक दिवस घालवून एक तरी गोष्ट नीट समजून घ्यायची आणि तीच लिहायची. पत्र सजवण्यासाठी प्रयोग करणे मला आधी पटले नाही. पण तिने जे निवडले ते पाहिल्यावर मी गप्प बसले.

तिसरी अडचण सुट्टीतल्या नोकरीची. दोन उन्हाळे तिने एका दवाखान्याच्या स्वागतकक्षात काम केले होते. फोनवर वेळा द्यायच्या, आदल्या दिवशी आठवण करायची, न आलेल्यांना पुन्हा फोन करायचा. "हे विज्ञान नाही" म्हणून तिने ते गाळले होते. जाहिरातीतले पहिले काम मात्र तेच होते. मी एक वाक्य घालायला लावले.

जाता जाता तिने विचारले होते, "परीक्षा कधी संपते ते लिहायचे का?" मी म्हटले, ते मुलाखतीत निघेलच, पत्रात जागा कशाला घालवायची. त्या वेळी ती मला अडचण वाटलीच नाही.

प्रत्यक्ष केलेले काम

`fMRIPrep` स्कॅनच्या प्रत्येक फेरीसाठी एक तक्ता तयार करते. त्यात दर व्हॉल्यूमला, म्हणजे मेंदूच्या प्रत्येक पूर्ण चित्राला, एक ओळ असते आणि एका स्तंभात त्या क्षणी डोके आधीच्या चित्राच्या तुलनेत किती हलले याचा मिलिमीटरमधला एकच आकडा असतो. तीन दिशांमधले सरकणे आणि तीन अक्षांभोवतीचे वळणे यांची ती बेरीज असते. तिने ती फाइल उघडली आणि एवढेच चालवले:

```python
import pandas as pd
t = pd.read_csv("sub-08_task-flanker_run-2_desc-confounds_timeseries.tsv", sep="\t")
fd = t["framewise_displacement"]
print((fd > 0.5).sum(), "/", len(fd))
```

उत्तर आले 22 / 150. दर 2 सेकंदांनी एक चित्र, म्हणजे पाच मिनिटांच्या फेरीत 22 वेळा डोके अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलले होते. त्याच व्यक्तीच्या पहिल्या फेरीत असे तीनच क्षण होते. आलेख काढल्यावर दिसले की बहुतेक हालचाल दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या भागात एकवटली आहे.

अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण फंक्शनल एमआरआयमध्ये कार्यामुळे सिग्नलमध्ये होणारा बदल काही मोजक्या टक्क्यांच्या आतला असतो, आणि मेंदूच्या कडेला डोक्याच्या एवढ्याशा सरकण्यानेही तेवढा किंवा त्याहून मोठा बदल दिसू शकतो. म्हणून अशी फेरी ठेवायची की वगळायची हा खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर निकाल पाहून द्यायचे नसते, आधीच ठरवायचे असते. 0.5 हा आकडाही निसर्गाने दिलेला नाही. कुणी त्याहून कडक मर्यादा लावतात, कुणी सैल.

नव्या पत्रात जुन्या वाक्याच्या जागी हे आले:

"खुल्या भांडारातील फ्लँकर कार्याच्या दोन व्यक्तींच्या डेटावर मी पूर्वप्रक्रिया करून पाहिली. एका फेरीत 150 पैकी 22 चित्रांमध्ये डोक्याची हालचाल 0.5 मिमीपेक्षा जास्त होती. ती फेरी वगळावी का, हे मला ठरवता आले नाही, कारण मर्यादा मी डेटा पाहिल्यानंतर निवडली होती. सांख्यिकी विश्लेषण मी अजून केलेले नाही."

शेवटचे वाक्य काढावे असे तिला वाटत होते. मी ते राहू दिले. त्याच्यामुळे आधीची तीन वाक्ये खरी वाटतात.

स्लाइडची घटना पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात आली, लगेच डोळ्यात भरेल अशी. लहानपणीचे कुतूहल गेले. शोधनिबंधावरचा परिच्छेद दोन ओळींवर आला: निबंधातल्या पद्धतीच्या भागात हालचालीमुळे काही सहभागी वगळल्याची नोंद आहे, आणि भरतीच्या वेळी तेवढे जास्तीचे लोक बोलवावे लागत असतील का, असा प्रश्न. कौतुक करण्यापेक्षा हा प्रश्न बरा होता. निबंध शेवटपर्यंत वाचला आहे हे त्यातून आपोआप कळत होते. पत्र एका पानात बसले.

निकाल

दहा दिवसांनी मुलाखतीचे बोलावणे आले. मुलाखत तिने मला नंतर सांगितली, तेवढीच इथे देते.

सुरुवात त्या 22 चित्रांवरून झाली. लॅबप्रमुखांनी विचारले, त्या स्तंभातली पहिली ओळ रिकामी का असते? हे तिला माहीत होते, कारण फाइल तिने स्वतः उघडली होती: पहिल्या चित्राआधी तुलनेला चित्रच नसते. पुढचा प्रश्न कठीण होता. समजा, उलट दिशेचे बाण आले की लोक जास्त हलतात. मग हालचालीचे आकडे मॉडेलमध्ये घालून तिचा परिणाम काढून टाकला तर काय होईल? तिने बराच विचार केला आणि म्हणाली की हालचाल आणि कार्य एकत्रच घडत असतील तर हालचालीबरोबर कार्याचा परिणामही थोडा पुसला जाईल असे वाटते, पण त्यावर उपाय माहीत नाही. उत्तर बरोबर होते. सगळ्यांना लागू पडेल असा सोपा उपाय तिथे नाहीच.

मग स्लाइडची घटना सविस्तर विचारली गेली. वही सोबत आणली आहे का, असेही विचारले. तिने आणली नव्हती.

सुरक्षिततेवरचा प्रश्न असा होता: सहभागीने फॉर्मवर शरीरात धातू नाही असे लिहिले आहे, आणि स्कॅनर रूमच्या दारात तो म्हणतो, लहानपणी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता, पण काढला होता. काय करशील? तिने सांगितले, तिथेच थांबवीन, आत नेणार नाही आणि निर्णय स्वतः घेणार नाही, जबाबदार रेडिओग्राफरला विचारीन. स्कॅनिंग चालू नसतानाही चुंबक चालूच असतो आणि डोळ्यात राहिलेला कण त्यात सरकू शकतो. वेळ गेली तरी चालेल, असे ती म्हणाली. दवाखान्यातल्या नोकरीबद्दल कुणी एक शब्दही विचारला नाही. त्या वाक्यावर माझा जेवढा भरवसा होता तेवढा तरी वाया गेला.

शेवटी विचारले, कधीपासून येऊ शकशील? ती म्हणाली, परीक्षा संपल्यावर, चौदा आठवड्यांनी. समोरचे दोघे एकमेकांकडे पाहू लागले. नव्या सहभागींचा गट सहा आठवड्यांत सुरू होणार होता आणि त्यासाठी स्कॅनरच्या वेळा आधीच राखून ठेवलेल्या होत्या.

पद दुसऱ्या उमेदवाराला मिळाले. आठवड्याने लॅबप्रमुखांचे वेगळे पत्र आले: जुन्या स्कॅनची गुणवत्ता तपासण्याचे काम साठले आहे, परीक्षेपर्यंत आठवड्याला आठ तास करशील का, पुढचे पूर्णवेळ पद निघाले तर तेव्हा पाहू. त्यात एक ओळ होती की तारीख आधी कळली असती तर कामाची विभागणी वेगळी करता आली असती. तिने ते आठ तास घेतले. साडेचार महिन्यांनी दुसरे पद निघाले. त्यासाठी तिने पुन्हा रीतसर अर्ज केला, आणि या वेळी तिची निवड झाली.

आज पुन्हा केले तर

उपलब्धतेची तारीख मी पहिल्या परिच्छेदात घालायला लावीन. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या अर्जात ती मामुली बाब नसते. लॅबचे पैसे आणि स्कॅनरच्या वेळा तारखांना बांधलेल्या असतात. तारीख आधी लिहिली असती तर अर्ज कदाचित तिथेच बाजूला पडला असता, हे मला मान्य आहे. पण मग तिचा आणि त्यांचा एक दिवस वाचला असता, किंवा अर्धवेळचा पर्याय मुलाखतीतच समोर आला असता. ही चूक तिची नाही, माझ्या सल्ल्याची आहे.

वहीच्या त्या पानाचा फोटो अर्जासोबत जोडण्याचा विचार मी पुढे केला. गटांची माहिती झाकली आणि मार्गदर्शकांची परवानगी घेतली तर चालले असते. पण प्रकल्प अजून प्रसिद्ध झालेला नाही, तेव्हा परवानगी मिळालीच असती असे नाही. मुलाखतीला मूळ वही घेऊन जाणे एवढे तरी नक्कीच जमले असते.

चार ओळींच्या त्या प्रयोगाबद्दल मात्र अजून माझे मन पूर्ण साफ नाही. पत्र देण्याआधी दोन दिवस केलेल्या कामावर मुलाखतीचा अर्धा वेळ गेला, आणि चार महिन्यांच्या प्रकल्पावर त्याहून कमी. विद्यार्थिनीला विचारले तर ती म्हणते, "पण ताई, त्या दोन दिवसांत मला कळले की मला हे काम आवडते की नाही." हे तिने पत्रात कुठेच लिहिले नव्हते. आणि आम्हा दोघींपैकी कुणालाच ते सुचले नव्हते.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी तिने मला पत्र दाखवले नाही. त्यात पहिल्याच ओळीत तारीख होती, असे तिने नंतर सांगितले.